संकोच करू नका

सोसायटीच्या सेक्रेटरीने सूचना लिहिली की वाचणाऱ्याला जांभई यायची, हे त्याच्या बायकोचं मत. जन्मभर तो एका खात्यात कारकून होता. निवृत्त होताना बाकी सगळं टेबलात ठेवून आला, भाषा तेवढी घरी घेऊन आला. मीठ संपलं म्हणून सांगितलं तर हा माणूस 'सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे' म्हणेल, असं बायको शेजारणींना सांगायची आणि शेजारणी पदर तोंडाला लावायच्या. पण टाकी धुवायची असो की गच्चीचं कुलूप बदलायचं असो, कागद त्याच्याच हातून निघायचा, आणि त्या कागदात बोट शिरेल एवढीही फट नसायची.

लिफ्ट बदलायचं ठरलं तेव्हाही त्याने तसाच कागद काढला. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट तपासणीत नापास झाली होती. सर्वसाधारण सभेत नव्या लिफ्टचा ठराव झाला आणि त्याला जोडून दुसराही झाला. सेक्रेटरीने दोन्ही कागदावर उतरवून फलकावर लावले. दुसऱ्याचा परिच्छेद असा होता: 'लिफ्ट बंद असलेल्या कालावधीत जिने चढउतार करण्यास असमर्थ असलेल्या सभासदांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या तात्पुरत्या निवासाकरिता तळमजल्यावरील कार्यालयाची खोली विनाशुल्क उपलब्ध करून देण्यात येईल. संबंधितांनी लेखी अर्ज सादर करावा.'

त्या फलकासमोर पाचव्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. काकू शाळेत जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत गेलेल्या, त्यामुळे काचेवर बोट ठेवून एकेक शब्द सोडवत वाचायच्या. जिभेला मात्र शाळा लागली नव्हती. कचरा उशिरा उचलणाऱ्यापासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत त्यांनी कोणाला सोडलं नव्हतं.

"काय रे सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "हे माणसांसाठी लिहिलंयस की जप्तीला आलायस?"

"काकू, नियमाप्रमाणे लिहावं लागतं."

"असमर्थ म्हणे. निवासाकरिता म्हणे. तुझी आई जेवायला कशी बोलवायची तुला? भोजनार्थ उपस्थित राहावे?"

जिन्यात चार माणसं होती, चारही खदखदून हसली. सेक्रेटरीही हसला. पण घरी येऊन त्याने चष्मा पुसला, परत पुसला, आणि चहा गार होऊ दिला.

"त्या बोलतात त्यात खोटं काय आहे?" बायको म्हणाली. "महिन्याच्या पत्रकात हेच छापणार आहात ना? मग जरा शेजाऱ्यासारखं लिहा. मी सांगते, तुम्ही उतरवा."

जेवणाच्या टेबलावर दोघं बसली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते'चं झालं 'मंडळी, एक बातमी आहे'. 'लिफ्टची सेवा खंडित राहील'चं झालं 'आपली म्हातारी लिफ्ट आता निवृत्त होतेय, तेवढे दिवस पायांना कामाला लावू या'. सेक्रेटरीला गंमत वाटू लागली. आपल्या हातून असंही निघू शकतं हे त्याला या वयात कळत होतं.

खोलीच्या परिच्छेदापाशी तो अडला.

"हे कसं बसवायचं? विनाशुल्क, अर्ज..."

"अर्जबिर्ज कशाला? आपलीच माणसं. आणि खोलीचं छापलंत तर अर्धी बिल्डिंग गुडघे धरून दारात येईल. खरी गरज कोणाला आहे? पाचव्या मजल्यावर. आणि त्या काय गप्प बसणाऱ्या आहेत? आरडाओरडा करून घेतील."

तेही खरंच होतं. मग त्याने लिहिलं: 'आणि हो, कोणाला जिना झेपणार नसेल तर संकोच करू नका. आमची बेल वाजवा, हक्काने सांगा, काहीतरी मार्ग काढू.' ऑफिसात असता तर असा कागद त्याने सहीला पाठवलाच नसता. काय देणार ते नाही, कुठे ते नाही, कोणाला ते नाही. पण वाचायला गोड लागत होता, आणि त्याने तो दोनदा मोठ्याने वाचला. फलकावरचा जुना कागद काढून तिथेही त्याने हाच लावला.

पत्रक दाराखालून सरकवलं गेलं आणि सेक्रेटरीचं नशीब पालटलं म्हणायचं. जन्मात पहिल्यांदा लोकांनी त्याला जिन्यात थांबवून लिहिण्याबद्दल शाबासकी दिली. चौथ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "वाचताना वाटलं तुम्ही समोर बसून बोलताय." तो इतका फुलला होता, की काकू काहीच बोलल्या नाहीत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बोलल्या नाहीत म्हणजे या वेळी खोड काढायला जागा मिळाली नसेल, एवढंच त्याने मनाशी धरलं.

काकूंच्या नवऱ्याला, काकांना, झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे काकू त्यांना चाकांच्या खुर्चीतून नेत. परत येताना त्या जाळीच्या लिफ्टमधून प्रत्येक मजल्याचा रंगवलेला आकडा खाली सरकताना दिसायचा, आणि त्या बाईंनीच सांगितलं होतं की आकडे म्हणवून घ्या, नुसतं बोलायला जे जमत नाही ते कधी ओळीने मोजताना सुटतं. सेक्रेटरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून. त्याला आतून ऐकू यायचं. आधी नुसती घरघर. मग एके दिवशी "एक". पुढे "दोन". 'तीन' आला तो नेमका त्याच्या दारासमोर, तेव्हा तो हातातलं वर्तमानपत्र टाकून बाहेर आला होता, आणि वर जाणाऱ्या जाळीतून काकू ओरडल्या होत्या, "बघतोस काय, आता तुझ्या नावावर लागला हा आकडा." जुनी लिफ्ट काढण्याच्या सुमाराला काका चारपर्यंत पोचले होते. पाच राहिला होता. पाच म्हणजे घर.

लिफ्ट उतरवली. ठेकेदाराने लोखंडी रूळ आणि मोटार ठेवायला जागा मागितली. तळमजल्याची खोली रिकामीच होती, कोणी मागितली नव्हती. सेक्रेटरीने किल्ली दिली.

काकू पिशव्या घेऊन जिना चढताना दिसायच्या. कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर थांबत.

"काका कसे आहेत?"

"आहेत."

"काही लागलं तर सांगा हं."

"सांगीन."

चौथ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला होता, आम्ही दोघंतिघं मिळून काकांना उचलून खाली नेतो. काकूंनी त्याला विचारलं, "कपाट आहे का रे ते?" त्यानंतर कोणी विचारलं नाही. सेक्रेटरीलाही वाटलं, एवढी तिखट बाई, नड असती तर आतापर्यंत इमारत डोक्यावर घेतली असती.

काम रेंगाळलं. भिंतीत भोकं पाडण्याचा आवाज थांबला, लिफ्ट उभीही राहिली, पण निरीक्षकाची तपासणी होऊन परवाना येईपर्यंत चालवता येईना. एका दुपारी व्यायाम शिकवणाऱ्या बाई जिना उतरत होत्या, सेक्रेटरीच्या दारात त्या दम घ्यायला थांबल्या. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पेशंट येईना म्हणून मीच आले," त्या म्हणाल्या. "फोनवर सगळं ठीक आहे म्हणत होत्या. हात मिटलाय त्यांचा. गुडघे आखडलेत, खुर्चीत नीट बसवता येत नाही. त्या करतात घरी जमेल तसं, पण एकट्या बाईने किती करायचं? बोलणं तर बंदच आहे."

"येईल ना परत?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "थोडं येईलही. सुटत चाललं होतं, तेव्हा येणं सोडायला नको होतं. तळमजल्यावर एखादी खोली नव्हती का तुमच्याकडे?"

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर गेला. दार काकूंनीच उघडलं. आत पलंग भिंतीला लावलेला, काका भिंतीकडे तोंड करून. पलंगाशेजारी दोरीने बांधलेली गादी आणि चादरींचं गाठोडं होतं, आवळून बांधलेलं, न सोडलेलं.

"काकू, खोली होती. तुमच्यासाठीच होती. तुम्ही मागितली का नाही?"

"काय मागायला हवं होतं?"

"एक शब्द टाकायचा होतात. कुठल्याही गोष्टीवरून भांडता माझ्याशी."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. आवाज चढला नाही. तो चढला असता तर सेक्रेटरीला बरं वाटलं असतं.

"भांडते ती माझ्या वाट्याचं असेल त्यासाठी. तुझा पहिला कागद मी वाचला. हसले, पण वाचला सगळा. 'देण्यात येईल' लिहिलं होतंस. म्हणजे ते माझं होतं. दोरीने खोली मापून आले, पलंग कुठे लागेल ते बघून आले. गाठोडं बांधलं. शिंप्याच्या मुलीकडून अर्ज लिहून घ्यायचा होता. तेवढ्यात तुझं ते गोड पत्रक आलं. त्यात खोली नव्हती. म्हटलं, बेत फिरला असेल. आणि काय होतं? बेल वाजवा. मार्ग काढू. मी तुझ्या दारात येऊन उभं राहायचं, तू बायकोला विचारायचं, आणि मग मला काहीतरी द्यायचं."

"हक्काने सांगा, असं लिहिलं होतं मी."

"हक्क सांगावा लागतो तिथे नसतोच रे तो."

सेक्रेटरीला म्हणायचं होतं, तुम्हीच म्हणालात माणसासारखं लिही. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं. काकूंनीच त्याचं काम हलकं केलं.

"मीच हसले होते तुझ्या लिहिण्याला," त्या म्हणाल्या. "ते माझ्याच अंगाशी आलं. जा तू आता. त्यांना पाणी पाजायचंय."

त्याच संध्याकाळी सेक्रेटरीने खोली रिकामी करवली. ठेकेदाराच्या माणसांबरोबर स्वतः जुन्या लिफ्टचे काढून ठेवलेले रूळ ओढले, फरशी पुसली, बायकोने खिडकीला पडदा लावला. लेखी पत्र तयार केलं, जुन्या पद्धतीचं, 'आपणास कळविण्यात येते की'. वर नेऊन दिलं. काकूंनी बोट ठेवून ते शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या आणि घडी करून परत दिलं. "आता त्यांना हलवलं तर ओरडतात."

परवाना आला. नव्या लिफ्टला जाळी नव्हती, गुळगुळीत पत्र्याचं बंद दार होतं. मजल्यांचे रंगवलेले आकडे कामगारांनी चुन्याने पुसून टाकले होते, कारण आतून आता ते दिसणार नव्हते. लिफ्टच आकडे सांगायची, एका बाईच्या आवाजात, फार गोड, जशी घरातलीच कोणी.

पत्रकाची तारीख जवळ आली. नवी लिफ्ट सुरू झाल्याचं लिहायचं होतं. बायको टेबलाशी बसून म्हणाली, "मंडळी, एक आनंदाची..." आणि थांबली. सेक्रेटरीने 'सर्व सभासदांना' एवढं लिहिलं आणि तोही थांबला. कागद तसाच राहिला.

खाली कोणा पोराने पाचचं बटण दाबून पळ काढला असावा. दाराआडून तो आवाज एकेक मजला म्हणत वर गेला. तीन म्हणाला, चार म्हणाला. पाच म्हणाला. वर दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि चढायला कोणी नव्हतं म्हणून थोड्या वेळाने ते आपलं आपण मिटलं.