आखडलेली बोटं

म्हातारीनं हिरव्या पानांची जुडी हळदीच्या वाटीत बुडवली आणि नातीचं पाऊल मांडीवर ओढून घेतलं. पाऊल बर्फासारखं गार होतं. बोटं अशी आत वळलेली, की जणू जमीन धरून ठेवायची आहे.

"सैल सोड," ती म्हणाली. "हळद लावतेय, नाल नाही ठोकत."

नात हसली नाही. तिनं मान हलवली, पण बोटं होती तिथंच राहिली.

वर हात उचलायचा तर म्हातारीचे खांदे कुरकुरत, म्हणून पावलांची हळद तिच्या वाट्याला आली होती. गुडघे, हात, खांदे, गाल हे सगळं इतर बायकांनी वाटून घेतलं होतं. म्हातारीला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. हळद पायापासूनच वर चढते, तेव्हा पहिला मान आपलाच, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. गल्लीत तिला फौजदार म्हणत, तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि आवडतही होतं. समोरचा एकुलता दात दाखवत ती कुणाच्याही लग्नात जायची आणि हळदीला अशी गाणी रचायची, की ज्याच्यावर रचलं तो माणूस पुढची कितीतरी वर्षं त्याच गाण्यानं ओळखला जायचा.

आज मात्र तिच्या जिभेला कुलूप होतं. कुलूप घातलं होतं सुनेनं, नवरीच्या आईनं.

त्याला कारण होतं. लग्न ठरलं त्या दिवशी भरल्या बैठकीत कुणीतरी पोरीच्या उंचीवर विनोद केला होता. नवरदेवाला आता स्टूल घेऊन फिरावं लागेल, असला काहीतरी. सगळे खो खो हसले आणि पोरगी पांढरी पडली. आतल्या खोलीत गेली ती दार लावून बसली. मुलाकडची माणसं ताटकळली, चहा गार झाला. तेव्हापासून सून धसकली होती. आज पुन्हा तसं झालं तर उद्या पोर मांडवात उभी राहायची नाही, हे तिनं सासूला हात जोडून सांगितलं होतं. चिडवायचं नाही, कुणीच नाही. फक्त गोड गाणी.

म्हातारीनं कबूल केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सुनेचं ऐकलं होतं.

बायका गात होत्या. सोन्याची पावलं, चांदीचा पाट, चंद्रासारखं मुख. ढोलकी होती शेजारच्या शिंपीणबाईकडे, पण तीही अशी वाजत होती, जणू जोरात वाजली तर पाळण्यातलं मूल उठेल. कुणी जरा जास्त हसलं की सून दारातून बोट ओठांवर ठेवायची. मग पुन्हा चंद्र, पुन्हा चांदी.

प्रत्येक गोड कडव्याला म्हातारीच्या हातातली बोटं आणखी आत वळत होती. हे तिला कळेना. चिडवणं नाही, टोमणा नाही, मग पोर भितेय कशाला?

तिनं टाचेला हळद लावायचं निमित्त केलं आणि मान वर केली. नात वाकली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासणारी पोर, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलायची तिला सवय.

"आजी," ती हळूच म्हणाली, "काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"तू गप्प आहेस. आई सारखी सगळ्यांना गप्प करतेय. सगळ्या अशा गातायत, जणू घरात कुणी आजारी आहे." तिचा आवाज बसला. "त्यांच्या घरून काही निरोप आलाय का? मोडलंय का?"

म्हातारीच्या हातातली जुडी तशीच राहिली. हळद टपकून तिच्याच लुगड्यावर पडली. अगं बाई, म्हणजे हे होतं. जिला जपायला सगळं घर चवड्यांवर चालत होतं, ती त्या चालण्यालाच भ्यायली होती.

तिनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं 'नको' म्हणून मान हलवली. म्हातारीनं ती पाहिली नाही असं केलं.

"शिंपीणबाई," ती म्हणाली, "ढोलकीला जेवायला घातलं नाही का?"

आणि पहिली ओळ टाकली.

"हळद आली नवऱ्याच्या घरून..."

टाकली आणि थांबली. हे थांबणंच खरं कसब. बायका ओळ उचलतात, घोळवतात, तेवढ्यात सगळ्यांना कळतं की आता काहीतरी येणार, आणि ज्याला चिमटा बसायचा त्याला अंग चोरायला सवड मिळते. न थांबता मारलं तर ते गाणं नाही, थप्पड.

"...अर्धी त्यानंच लावली चोरून!"

खोलीत हसू फुटलं. म्हातारीचं लक्ष हसण्याकडं नव्हतं. तिच्या मुठीत करंगळी सुटली होती.

मग तिनं शिंपीणबाईला घेतलं, जी जगाचे कपडे वेळेवर देते आणि स्वतःच्या झंपराला दोन वर्षं हूक लावत नाही. शेजारचं बोट सैल झालं. आता नवरीवर यायचं होतं. सून दाराची कडी घट्ट धरून उभी होती. उंची नाही, रंग नाही, अंगाचं काही नाही. जे बदलता येत नाही त्यावर गायचं नसतं. गायचं ते सोडता येईल अशा खोडीवर, आणि तीही अशी, जी नवरीला स्वतःला ठाऊक आहे.

"नवरीनं उघडलं कपाट बाई..."

थांबली. बायकांनी ओळ उचलली. नातीनं डोळे मिटले, पण ओठांचे कोपरे हलले. काय येणार ते तिला कळलं होतं.

"...लावायचं तिच्या ध्यानातच नाही!
नवरा गेला शर्ट शोधायला,
टेंगूळ घेऊन आला जेवायला!"

नात हसली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग हळदीचा हात गालाला लागला ते विसरून. सगळी बोटं एकदम मोकळी झाली. पाऊल ऊबदार, जड, विश्वासानं टाकलेलं. म्हातारीनं ते दोन्ही हातांत धरलं.

ढोलकी आता खरी वाजत होती. पुढचं कडवं कोण घेणार म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या, तेव्हा दारातून आवाज आला. बारीक, जरा कापरा.

"सासूबाईंच्या तोंडात दात किती..."

सून होती. या घरात आल्यापासून तिनं हळदीला कोरसात सूर दिला होता, ओळ कधी टाकली नव्हती. बायका ओळ उचलायच्या विसरल्या. ढोलकी थांबली. सून मात्र थांबायचं तेवढंच थांबली, अगदी बरोबर, शिकवल्यासारखी.

"...एकच उरला, त्याला जिभेची भीती."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे म्हातारीवर. तिच्या हातात नातीची बोटं पुन्हा आत वळू लागली.

म्हातारीनं पानांची जुडी वाटीत बुडवली, निथळू दिली, आणि घोट्यावर सावकाश एक रेघ ओढली.

"ढोलकी कशाला थांबली?" ती म्हणाली. "एका कडव्यात माझं काय होतंय. पुढचं येऊ दे."

हसण्याचा असा लोट आला, की सुनेला दाराचा आधार घ्यावा लागला. मुठीतली बोटं एकेक करून सुटली. त्या गलक्यात, कुणी बघत नाही असं पाहून, म्हातारीनं जिभेनं आपला एकुलता दात चाचपला.

जागेवर होता.