टाकेबाईंचा अंगठा

टाकेबाईंना "आराम करा" असं सांगायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती. नवरा गेल्यापासून पुढच्या खोलीत पायाचं शिलाई मशीन टाकून त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, मुलाला शिकवलं, त्याचं लग्न केलं, आणि सून आल्यावरही मशीन हलवू दिलं नाही. मोटर बसवून देतो म्हणून मुलगा मागे लागायचा. "माझे पाय काय शोभेला आहेत?" एवढंच उत्तर.

त्याच पायाचा डावा अंगठा उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाल झाला. नखाचा कोपरा मांसात रुतला होता. कड सुजली होती, दाबलं की कळ यायची. मुलगा स्वभावाने भित्रा. त्याने लगेच मोबाइल काढला.

"आई, उद्याची वेळ घेतो. नख काढून टाकतील."

"नख काढून टाकतील! तुझं डोकं दुखलं तर डोकं काढायला नेऊ का?"

"गंमत नाही, आई."

"मीही गंमत करत नाहीये. नुसतं लाल आहे. पू नाही, ताप नाही, मला साखरेचा आजार नाही. मागच्या वर्षी डॉक्टरनेच सांगितलं होतं, सुरुवातीला घरी शेकलं तरी चालतं. बादली आण."

मग कोमट पाण्यात थोडं मीठ टाकून त्या पाय बुडवून बसायच्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पाय नीट कोरडा करून, भिजून मऊ झालेल्या नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात हळूच सरकवायच्या. बंद बूट कपाटात गेले, पुढून उघडी, रुंद चप्पल आली. आठवडाभरात लाली उतरली, सूज बसली, अंगठा पुन्हा मशीनच्या पायट्यावर नाचायला लागला.

मग काय विचारता! गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आधी अंगठ्याची कहाणी ऐकायचं. "आमचा मुलगा नख उपटायला निघाला होता," असं त्या मुलासमोरच सांगायच्या. तो बिचारा चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत जायचा.

शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई आली. खोलीत निळ्या कापडाचे ढीग लागले. अशा गडबडीत टाकेबाईंनी उजव्या पायाचं नख कापलं, तेही कोपऱ्यात खोल, गोल, अगदी काज कापायच्या टोकदार कात्रीने. वर भाचीच्या साखरपुड्याला निमुळते बूट घालून दिवसभर मिरवल्या. दोन-तीन दिवसांत उजवा अंगठा लाल. पुन्हा बादली, पुन्हा मीठ, पुन्हा कापूस. त्यांना काही वाटलं नाही.

पण या वेळी अंगठा ऐकेना. कड फुगून नखावर चढली. अंगठा ठणकू लागला. मशीन चालवतानाच नाही, तर नुसतं बसल्यावरही, काळजाच्या ठोक्याबरोबर. एका सकाळी त्यांनी कापूस काढला तर तो पिवळा, ओला आणि वास मारणारा. नखाच्या कडेला पांढुरका फुगा आला होता, आणि लाली अंगठ्याच्या मुळाशी पोचून पावलाकडे सरकत होती.

त्यांनी कापूस कागदात गुंडाळून टाकला. मग हाक मारली, "सूनबाई, माझी पिशवी द्या. दवाखान्यात जाते."

मुलगा दाढी करता करता बाहेर आला. "कशाला? शेक ना. मागच्या वेळी तूच—"

"मागच्या वेळी पू नव्हता."

"दोन दिवस अजून बघ. आज शाळेचा माणूस येणार आहे कपडे न्यायला. आणि फुगाच आहे ना? सुई तापवून टोचतो, निघून जाईल."

"सुई माझ्या हातात शोभते. तू लांब राहा."

शेजारीणबाई दारातच होत्या. त्याही हसल्या. "अहो टाकेबाई, तुम्हीच तर आम्हाला पाण्याचं सांगत होतात! आता तुम्हीच घाबरलात?"

टाकेबाईंचे कान तापले. महिनाभर गाजवलेली कहाणी आता त्यांच्याच तोंडावर फेकली जात होती. थांबल्या असत्या तर शब्द राहिला असता. पण अंगठ्याने पुन्हा एक ठणका दिला.

"हो, मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "लाल झालं तर पाणी. पू झाला तर पाण्याने आतली घाण निघत नाही, हे सांगायचं राहिलं. आता सांगते. आणि घाबरले नाहीये. घाबरले असते तर घरी बसले असते."

सून म्हणाली, "आई, मी येते बरोबर."

"तुम्ही शाळेच्या माणसाला थोपवा. ते जास्त अवघड आहे."

आणि लंगडत, पण मान ताठ ठेवून त्या बसस्टॉपकडे निघाल्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय दिव्याखाली धरला. "आजी, साखर? रक्त पातळ करायच्या गोळ्या?"

"दोन्ही नाही. आणि आजी नाही, मला नातू झालेला नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं, बाई. शेकलं होतं ना? सुरुवातीला तेच बरोबर होतं. पण आता आत पू साचलाय, आणि नखाची कड काट्यासारखी मांसात आहे. ती आहे तोवर पुन्हा पुन्हा पिकेल. अंगठा बधिर करून तेवढी कड काढते, पू मोकळा करते. अख्खं नख नाही काढत."

"टाके?"

"लागत नाहीत."

"मग तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं."

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शन दिलं तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग अंगठा जणू दुसऱ्याचाच झाला. डॉक्टरीणबाईंनी नखाची अरुंद पट्टी मुळापर्यंत उभी कापून ओढून काढली. पू वाहिला. ठणका नसल्याने टाकेबाईंना वाकून बघायचा धीर झाला.

"तुरपाईत अडकलेली सुई निघावी तसं निघालं," त्या म्हणाल्या.

लाली पावलाकडे सरकत होती म्हणून गोळ्या मिळाल्या. पाय उंच ठेवायचा, पट्टी बदलायला यायचं, नख पुढे सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत. ताप आला किंवा लाल रेघ पायावर चढू लागली तर त्याच दिवशी यायचं. आणि काही दिवस मशीन बंद.

घरी पोचल्या तर शाळेचा माणूस खुर्चीत बसलेला. "बाई, कपडे आज मिळायचे ठरले होते."

"मिळणार नाहीत."

"मुलं काय घालतील?"

"जुने घालतील. गणवेश चार दिवसांनी आला म्हणून कुणाची अक्कल कमी होत नाही. माझा पाय मात्र एकच आहे उजवा."

तो सुनेकडे बघू लागला. सून शांतपणे म्हणाली, "आई सांगतात तेच." माणूस उठून गेला.

संध्याकाळी टाकेबाई उशीवर पाय ठेवून आडव्या पडल्या. अंगठा जागा होऊन दुखू लागला होता, पण ते दुखणं निराळं होतं. आतून फुगणारं नव्हतं. मुलगा जवळ आला, पट्टीकडे बघत उभा राहिला.

"टोचलं असतं तर काय झालं असतं गं?"

"कड आतच राहिली असती. घाण अजून आत गेली असती. बस, उभा राहू नकोस. तो शर्टांचा ढीग घे, बटणं लाव."

"मला येत नाही."

"मग शिक. सूनबाई, तुम्ही मशीनवर बसा, मी इथून सांगते."

सून मशीनवर बसली. पहिलीच शिवण वाकडी गेली. टाकेबाईंनी उशीवरूनच हात पुढे केला. "द्या इकडे. उसवू. पुन्हा शिवण घाला."