रिकामा डबा

रामहरीनं मला ‘ताई’ म्हणायचं सोडलं, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. तोवर मी खुशाल त्याच्या हातची भाकरी खात होते.

आम्ही दोघं बीडला एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रात कामाला. गावोगावच्या सोसायट्यांतून आलेले कॅन तो काट्यावर चढवायचा आणि मी दुधाचं फॅट तपासायचे. त्या वर्षी दुष्काळानं कॅन निम्म्यावर आले होते. जनावरं छावणीत बांधलेली, दूध येणार कुठून? त्यामुळे दुपारी जेवायला वेळच वेळ. कॅन धुणाऱ्या कौशल्याबाई, रामहरी आणि मी, तिघंही नेकनूरचे, बाभळीखाली डबे उघडायचो.

सुरुवात अगदी साधी. एकदा आई तापानं फणफणली होती, मी डबा न घेताच आले. रामहरीनं काही न विचारता अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवली. बायको वारल्यापासून तो स्वतःच रांधतो. ऊसतोडीला जायचा तेव्हा तिथल्या पाचटाच्या कोपीत शिकला म्हणे. भाकरी माझ्यापेक्षा पातळ. मला जरा रागच आला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईसाठी एका छोट्या डब्यात मुगाची खिचडी दिली.

आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो. आमच्यात नसतो तसा त्याच्यातही नसतो. मी त्यात तिळाची चटणी घालून दिली. चटणीच्या डब्यातून त्याच्याकडून गुळाच्या दशम्या आल्या. दशम्यांच्या डब्यात मी शेंगदाण्याचे लाडू घातले. असा तो डबा दोन महिने फिरत राहिला आणि थांबवायचा कुठे ते दोघांनाही कळेना. मग एक दिवस डबाच बदलला. नवाकोरा, दुकानाची चिठ्ठी अजून बुडाला चिकटलेली.

“तुमच्यात मटण चालत न्हाई ना,” तो म्हणाला. “ह्यात कधीच गेलेलं न्हाई.”

आठ वर्षं झाली मला विधवा होऊन. विधवेच्या डब्यात काय आहे ते गावाला तिच्या आधी कळतं. संघात कुजबुज झाली असती तर दोघांपैकी एकाला घरी बसवलं असतं, आणि ते एक कोण हे सांगायला नको. आईचं औषध, घर, सगळं माझ्या पगारावर. म्हणून तो ‘शिवगंगाताई’ सोडून नुसतं “ओ, ऐकलं का” म्हणायला लागला, तेव्हा मी सावध झाले.

आधी मी गुपचूप निरखलं. सकाळच्या एसटीत तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा, पण कौशल्याबाईंसाठीही धरायचा आणि स्वतः उभा राहायचा. जड कॅन त्यांनाही उचलू द्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी टँकर आला की आमच्या आईचा ड्रम भरायचा, तसे गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचे भरायचा. म्हणजे माणूसच तसा, असं म्हणून मी निवांत झाले.

आणि मग त्यानं केसांचा चाप आणला. माझा तुटलेला त्यानं कधी पाहिला कुणास ठाऊक. कागदात गुंडाळून, कौशल्याबाई नळावर गेल्यावर माझ्या टेबलावर ठेवला.

मी तो कौशल्याबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “वडवणीच्या बाजारातून मला गुडघ्याचा बाम आणला, तो समद्यांम्होरं दिला. तुला चाप मी नसताना कावून दिला? त्यालाच इचार की.”

दुसऱ्या दिवशी मी नवा डबा घासूनपुसून, रिकामा परत दिला. त्यानं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

“काही चुकलं का माझं?”

“सरळ विचारते,” मी म्हणाले. “हे समदं कशापायी चाललंय?”

तो काट्याकडे बघत बोलला. “पयल्या दिवशी तुमी उपाशी व्हत्या म्हणून. आईची शपथ. मग डबा भरून आला. पुन्यांदा भरून आला. मला वाटलं, तुमाला बी काही म्हणायचंय.”

“अहो, डबा रिकामा देत न्हाईत म्हणून भरला मी!”

“मी बी आधी त्याच्यामुळंच भरला,” तो जरासा हसला. “मग मन लागलं. खोटं कशाला बोलू?”

“माझ्या मनात तसलं काही न्हाई.” मी इतक्या घाईनं म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. मी चाप पुढे केला, त्यानं खिशात घातला.

आता खरी धास्ती. आधी मी एका पतसंस्थेत होते. तिथल्या एकाला नाही म्हटलं, तर मला पाजलेल्या चहांचा पाढा त्यानं गावभर वाचला. नाही म्हणेपर्यंत सगळेच पुरुष गोड असतात, असं माझं ठाम मत होतं.

सकाळी एसटीत चढले तर दोन जागांवर रुमाल. “बसा, ताई,” रामहरी म्हणाला आणि दांडीला धरून उभा राहिला. केंद्रात कॅन नेहमीसारखे उचलले. दुपारी त्याच सावलीत बसला, चटणी झाकणावर काढून मधोमध ठेवली, ज्याला हवी त्यानं घ्यावी. कुणाला काही बोलला नाही. चेहरा पाडला नाही, की जास्तीचा गोडवाही दाखवला नाही. वेगळा डबा तेवढा बंद झाला. स्टँडवरून केंद्रापर्यंत माझ्या चालीनं चालणं बंद झालं.

दुधात पाणी किती ते नुसतं बघून कळत नाही, तपासावंच लागतं. माझ्या एका ‘नाही’नं तपासणी झाली होती. जे उरलं ती त्याची माणुसकी, सगळ्यांना सारखी. जे गळालं ते फक्त माझं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या ‘ताई’नं काळजात कळ आली. जे गळालं, नेमकं तेच मला हवं होतं.

रविवारी मी दळण घेऊन घरी आले तर ड्रम काठोकाठ भरलेला.

“रामहरी आलता,” आई म्हणाली. “पाणी भरून दारातूनच गेला. चहाला थांबला न्हाई. तू त्याला काही बोललीस का?”

“बोलले.”

“खरं बोललीस, का भिऊन?”

मी दळण उतरवून ठेवलं. ती माझी आई आहे, तिला उत्तर लागतही नव्हतं. जातीचं, भाऊबंदांचं, संघाचं जे काय व्हायचं ते पुढे निस्तरता आलं असतं. पण भीतीला मी माझं मन म्हणून त्याच्या हातात दिलं होतं, ते तेवढं मलाच दुरुस्त करायचं होतं.

सोमवारी पहाटे उठून हुलग्याचे शेंगोळे केले. ते त्याला आवडतात हे तो कधीतरी बोलून गेला होता आणि मी लक्षात ठेवलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं मला! डबा मात्र माझा घेतला, झाकणावर माझं नाव कोरलेला. कुणाचा परत करायचा नव्हता.

दुपारी बाभळीखाली, कौशल्याबाईंच्या डोळ्यांदेखत, मी तो त्याच्यापुढे ठेवला. त्यानं झाकणावरचं नाव वाचलं. परत वाचलं. कौशल्याबाई भाकरी चघळायच्या थांबल्या.

“ताई,” तो चाचरत म्हणाला, “हा वापस कसा देऊ?”

“आधी ती ताई काढा,” मी म्हणाले. “अन् डबा रिकामा देऊ नका.”