नुसता टॅग

ऑफिसात तिला सगळे ‘सुपरफास्ट’ म्हणायचे आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. कानाच्या मशीनची कंपनी. दुसऱ्या मजल्यावर सहा टेबलं. सोशल मीडियावर कुणी कंपनीला टॅग केलं की तो निरोप या सहा जणांपैकी कुणाच्या तरी स्क्रीनवर येऊन पडायचा. कुणी किती झटपट कामं निपटली, त्याचा आकडा भिंतीवरच्या टीव्हीवर झळकायचा. तिचं नाव कायम सगळ्यात वर.

त्यामागची युक्ती साधी होती. काही लोक नुसता टॅग करतात. कंपनीचं नाव, बस्स. ना तक्रार, ना प्रश्न. नियम असा की त्यांनाही लगेच उत्तर द्यायचं, काय मदत हवी ते विचारायचं, फोन नंबर सगळ्यांसमोर न मागता खासगी मेसेजमध्ये घ्यायचा, निदान एक दिवस वाट बघायची आणि मगच बंद करायचं. एवढं कोण करत बसणार? तोवर आकड्याची वाट लागते! ती सरळ ‘मजकूर नाही’ निवडायची आणि उडवून टाकायची. पाठवणाऱ्याला काही कळायचं नाही. अशा लोकांना तिनेच नाव ठेवलं होतं, ‘बेलवाले’. बेल वाजवून पळून जाणारे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही ही युक्ती तिनेच शिकवली होती.

सोमवारी दुपारी खालच्या काउंटरवरून फोन आला. “एक वयस्कर शिंपीकाका आलेत. मशीन बंद आहे, काहीच ऐकू येत नाहीये. तुम्हाला टॅग केलं होतं म्हणतात. वर पाठवते.”

काका आले. शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या तशाच खोचलेल्या. मशीन त्यांनी रुमालातून काढून टेबलावर ठेवलं, मोबाइल पुढे केला. गेल्या सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारी सकाळी एक. तिन्हींत नुसतं कंपनीचं नाव.

“मला फोनवर बोलता येत नाही ना,” काका स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने मोठ्याने म्हणाले. “म्हणून नातीने हे शिकवलं. म्हटलं, आधी हाक मारावी. कुणी ओ दिली की मग काय ते सांगावं. एकदम कसं सुरू करायचं?”

तिने स्क्रीनवर तिन्ही निरोप शोधले. मजकूर नाही. मजकूर नाही. मजकूर नाही. बंद करणाऱ्याचं नाव तिन्हींपुढे तिचंच. तिचे कान गरम झाले. जुनं मशीन दुरुस्तीला घेऊन त्याच दिवशी तात्पुरतं देतात. पहिल्याच दिवशी ‘बोला काका’ एवढं विचारलं असतं, तर मंगळवारी ते त्यांच्या कानात असतं.

“बुधवारी रात्री माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला,” काका सांगत होते. “सकाळी तिचं ऑपरेशन होतं. खूप वेळ बोलत होती. मी आपला हो हो म्हणत होतो. तिला वाईट वाटायला नको. कशाला हो म्हटलं, देव जाणे. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही.” त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. “यात साठून राहतं का हो, आलेलं बोलणं?”

तिने कागदावर लिहिलं, ‘नाही, काका.’ ते दोन शब्द लिहिताना पेन जड झालं.

खालच्या तंत्रज्ञाने काकांची जुनी नोंद काढून तात्पुरतं मशीन जुळवलं, वर येऊन त्यांच्या कानात बसवलं आणि तो निघून गेला. काकांनी मान वळवून घरघरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. आता गप्प राहिलं तरी चालेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. हो, आलं! तेवढ्यात शेजारून मैत्रीण ओरडली, “ए सुपरफास्ट, दोन बेलवाले आलेत गं. उडवू का?”

“बेलवाले कोण?” काकांनी हसून विचारलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. काहीतरी थाप मारता आली असती. जिभेवर आलीही होती.

“नुसता टॅग करणाऱ्यांना आम्ही तसं म्हणतो,” ती म्हणाली. “मीच म्हणते. तुमचे तिन्ही निरोप माझ्याकडे आले होते, काका. मी न विचारता बंद केले. तिन्ही.”

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मोबाइलकडे बघत राहिले, तिन्ही निरोपांवरून अंगठा फिरवत.

“चुकलंच माझं,” ते शेवटी म्हणाले. आता त्यांचा आवाज हळू झाला होता. “सांगा ना पोरी, काय लिहायला हवं होतं मी?”

“काही नाही, काका,” ती म्हणाली. “एवढंच पुरे होतं.”

शेजारची मैत्रीण अजून थांबली होती, बटणावर बोट ठेवून.

“उडवू नकोस,” ती मैत्रिणीला म्हणाली. “दोघांनाही विचार, काय हवंय.”