किलोमागचा कचरा

नगरच्या एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात मनवाने एक रसायन बनवायचा नवा मार्ग शोधला होता. तिची चार वर्षं त्यात गेली होती. जुन्या मार्गाची ॲटम इकॉनॉमी अठ्ठेचाळीस टक्के होती, म्हणजे समीकरणाप्रमाणे अभिक्रियेत घातलेल्या वजनातलं निम्म्याहून कमी मालात उतरे. तिच्या मार्गाची होती शहाऐंशी टक्के. कोणता मार्ग वापरायचा हे ठरवायच्या बैठकीत सगळ्यांनी नवाच मार्ग उचलून धरला.

मनवा मात्र उठून उभी राहिली.

"सर, ही टक्केवारी समीकरणाची आहे. त्यात माल विरघळवायला वापरलेला सॉल्व्हंट धरलेला नसतो. माझ्या मार्गात माल शुद्ध करायला मिश्र सॉल्व्हंट लागतो, त्यातले द्रव पुन्हा वेगळे होत नाहीत, सगळा टाकून द्यावा लागतो. चाचणीच्या पायलट बॅचमध्ये किलोभर मालामागे तेवीस किलो कचरा निघाला. जुन्या मार्गात टोल्युइन हा एकच सॉल्व्हंट आहे, तो डिस्टिल करून पुन्हा वापरतो, म्हणून कचरा नऊच किलो."

कारखान्याचे प्रमुख यज्ञेश्वर कुलकर्णी यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"स्वतःचंच काम पाडतेस, मनवा?"

"टँकर भरून जाणारा कचरा माझ्याच नावावर जाईल, सर."

त्यांनी जुना मार्ग कायम केला. मनवाने मान खाली घातली, पण आवाज कापू दिला नाही.

"माझ्या मार्गासाठी वेगळा करून पुन्हा वापरता येईल असा सॉल्व्हंट शोधायची परवानगी द्या."

"दिली," ते हळूच म्हणाले.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिने दार लावून घेतलं आणि मग रडली.