बुवांचं बुकिंग

जयवंतकाका परब अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आले ते पेढे घेऊनच. ॲपची एक ओळही लिहिलेली नव्हती, आणि माणूस पेढे वाटत होता. मला तिथेच चिडायला हवं होतं, पण पेढे चांगले होते.

काका घाटकोपरचे. गणपतीत कोणत्या घरी कोणतं भजनी मंडळ जाणार, हे गेली तीस वर्षं त्यांच्या डायरीवर ठरतं. या जूनमध्ये त्यांनी बावीस मंडळांच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं, की यंदा डायरी बंद, पंधरा ऑगस्टपासून बुकिंग ॲपवर. त्यानंतर ते ॲप बनवणारं कुणी शोधायला निघाले.

"तीन तर पानं, दीप्ती. मंडळ निवडा, तारीख निवडा, बटण दाबा. पंधरा दिवसांत होईल ना?"

"दहा आठवडे. तेही सगळं नीट झालं तर."

"दहा आठवड्यांत आमच्या गावाकडे घर बांधून होतं गो."

मी त्यांना खुर्चीत नीट बसवलं. म्हटलं, तुमची डायरी एक आणि ती तुमच्याच हातात. ॲप पाचशे फोनांत असणार, पण यादी एकच हवी. म्हणून ती दुसरीकडे, एका कॉम्प्युटरवर ठेवायची आणि प्रत्येक फोनने तिथे विचारायचं. दोघांनी एकाच क्षणी एकच मंडळ मागितलं तर एकालाच द्यायचं, दुसऱ्याला नाही म्हणायचं. बटण दाबल्यावर लिफ्टमध्ये नेट गेलं तर बुकिंग झालं की नाही, हे त्या माणसाला कळायला हवं. नाहीतर तो पुन्हा दाबणार. तुमच्या वयाची माणसं फोनवर अक्षरं एवढाली करून ठेवतात, मग बटणच स्क्रीनच्या खाली जातं. फोन तरी किती तऱ्हेचे, जुने, नवे, स्वस्तातले. यातल्या एकेका गोष्टीला दोन-चार दिवस जातात, आणि बाहेरून दिसतात तुमची तीनच पानं.

"आणि एवढं झाल्यावर?"

"ॲप ठेवायला तुम्ही गुगलवर तुमच्या नावाने नवीन खातं काढलंय. अशा खात्याला गुगलचा नियम आहे. आधी बारा जणांनी सलग चौदा दिवस ॲप वापरून बघायचं. मग सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज. तो तपासायला आणखी आठवडा धरा."

काकांचा चेहरा उतरला. तीस वर्षांची पत होती ती. पंधरा ऑगस्ट हुकली तर बावीस मंडळांपुढे हसं होणार होतं. मला वाईट वाटलं, म्हणून मी रविवारीसुद्धा काम केलं, आणि स्वतःवरच वैतागत राहिले.

दहा आठवड्यांचं काम रेटून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातच ॲप तयार झालं. बारा माणसं काकांनी एका संध्याकाळी उभी केली. सगळे मंडळांतले गाणारे बुवा, पखवाजवाले, आणि काकांची भाची श्रुतिका. बाराही जणांनी ॲप घेतलं. चौदा दिवसांत एकही तक्रार आली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं, की त्या बारा जणांनी ॲप पुरेसं वापरलेलंच नाही. मी काकांना फोन लावला.

"वापरलं नाय? कसं वापरतील? मीच सगळ्यांका सांगितलंय, नवीन आसा, गुगल बघता हा, कोणी हात लावू नकात. बिघाडलां तर?"

मी फोन टेबलावर ठेवला, पाणी प्यायले, आणि पुन्हा उचलला. सांगितलं, की ते बिघडवण्यासाठीच बारा जण हवे होते. आता पुन्हा चौदा दिवस. पंधरा ऑगस्ट गेली.

काका म्हणाले, "मग आता मोडूनच दाखवतो."

आणि त्यांनी मोडून दाखवलं. बुवांनी रोज खोटी बुकिंगं केली, रद्द केली, तारखा फिरवल्या. अकराव्या दिवशी त्यांच्यातल्या लवू तावडे बुवांनी आपलं बुकिंग गौरीपूजनाच्या संध्याकाळी सरकवलं. श्रुतिकाने तेच मंडळ त्याच संध्याकाळी आधीच घेतलं होतं. ॲपने दोघांनाही बिनदिक्कत होकार दिला. नव्या बुकिंगला मी तपासणी लावली होती, तारीख बदलताना लावायला साफ विसरले होते. पंधरा ऑगस्टला ॲप बाहेर गेलं असतं, तर गौरीच्या दिवशी दोन घरं एकाच मंडळाची वाट बघत बसली असती. माझी मला लाज वाटली, आणि मी ती काकांना बोलूनही दाखवली.

त्या रविवारी घाटकोपरच्या शाळेत मंडळांची बैठक होती. काकांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. चूक कुणाची ते मीच सांगणार होते, पण मागून गुणाजी बुवा आधीच उठले.

"परबांनू, तीन पानांचा ॲप. पोरीन एवढे दिवस कित्याक लावले?"

काका उभे राहिले, टोपी सारखी केली.

"पोरीने नाही लावले. पहिले चौदा दिवस मी तुम्हाला गप्प बसवून वाया घालवले. आता गणपती तोंडावर आले, यंदा बुकिंग डायरीतच. ॲप दिवाळीनंतर, ती सांगेल त्या दिवशी."

सभागृहात कुणी हसलं नाही. गुणाजी बुवा खाली बसले, आणि त्यांनी आपल्या मंडळाच्या तारखा सांगायला सुरुवात केली.