दाकोर

अंबरनाथच्या त्या कारखान्यात फ्रेंच येणारा माणूस एकच, शशिकांत प्रधान, आणि त्याला त्याचा तोरा होता. पॅरिसहून आणलेलं प्रेस मशीन मधेच अडकायला लागलं, तेव्हा साहेबांनी तिथल्या इंजिनियरशी फोनवर बोलायचं ठरवलं. शशिकांतनं फ्रेंचमध्ये तार केली: मंगळवारी किंवा गुरुवारी, पॅरिसचे सकाळचे दहा, म्हणजे हिंदुस्थानातले दुपारचे अडीच. घोटाळा नको म्हणून दोन्हीकडची वेळ लिहिली.

उत्तरात एकच शब्द आला. ‘दाकोर.’ म्हणजे कबूल.

कबूल कुठला वार, ते त्यात नव्हतं. उलट तार करून विचारायला हवं होतं. पण साहेब म्हणतील, एवढंच का तुझं फ्रेंच, या लाजेनं त्यानं मंगळवार ठोकून दिला.

मंगळवारी अडीचला कॉल लागला, पण तिकडे कुणी उचललाच नाही. ‘किती दिवस थांबायचं?’ साहेब वैतागले. ‘चालू करा मशीन.’ बुधवारी धर्मराज फिटरचा उजवा पंजा त्यात गेला.

पुढच्या आठवड्यात पॅरिसचं पत्र आलं. साहेबांनी ते शशिकांतपुढे सरकवलं.

‘काय म्हणतात?’

पत्रात होतं: गुरुवारी दहा वाजता आम्ही फोनपाशी बसून होतो. दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

हात गळ्यात बांधलेला धर्मराज दाराशी उभा होता.

‘माफी मागतात,’ शशिकांत म्हणाला. ‘मंगळवारचं त्यांच्याकडूनच राहून गेलं.’

धर्मराजनं मान हलवली. ‘मग तुम्ही तरी काय करणार, प्रधानसाहेब.’